घडीतला नऊ

वकील मॅडमचा फोन आला तेव्हा मी पुण्याला परतलोही होतो. "तुम्ही पाठवलेलं खरेदीखत बघतेय. सर्व्हे नंबर अकरा आहे की एकोणीस?" मी छातीठोकपणे म्हणालो, "एकोणीस." त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे हो, सातबाऱ्यावर एकोणीस आहे. पण तुमच्या पीडीएफमध्ये अकरा दिसतंय. आणि मागचे शिक्के तर काहीच लागत नाहीत. परत करून पाठवा."

मी फोन ठेवला आणि ती फाइल मोठी करून पाहिली. खरोखरच अकरा. नऊचं डोकं जिथे असायला हवं तिथे एक राखाडी पट्टा होता आणि त्याखाली नुसता दांडा. पन्नास वर्षं चार पदरी घडीत राहिलेल्या कागदाची आडवी घडी नेमकी त्या आकड्यावरून गेली होती.

कागद आत्याकडचे. वाईच्या बाजूला तिचं जुनं घर आहे, आणि माजघरातल्या ट्रंकेत लाल बासनात तिने ते जपलेत. १९७४ चं खरेदीखत सात पानांचं, पहिली तीन स्टँपपेपरची, उरलेली जाड लेजर कागदाची, सगळी पाठपोट लिहिलेली. शिवाय एका संमतीपत्राची कार्बन कॉपी, तीही पाठपोट, पतंगाच्या कागदासारखी पातळ. म्हणजे आठ कागद, सोळा बाजू. वारसांच्या कामासाठी वकिलांना हे सगळं वाचता येईल अशा पीडीएफमध्ये हवं होतं.

झेरॉक्सवाल्याकडे नेण्याचा प्रयत्न आधी झाला होता. त्याने पहिलं पान हातात घेतलं आणि वरच्या फीडरमध्ये सरकवायला निघाला. घडीवर अर्धं फाटलेलं पान रोलरमध्ये जाताना बघून आत्याने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. "कागद आता घराबाहेर जायचे नाहीत." त्यामुळे फोन. सातबारा आणि आठ-अ यांचा प्रश्न नव्हता. ते डिजिटल सहीचे थेट भूमी अभिलेखच्या संकेतस्थळावरून मिळतात, त्यांचे फोटो काढत बसण्यात अर्थ नाही. पण जुनं खरेदीखत म्हणजे तो एकच कागद.

पहिल्या वेळी मी काय केलं ते आधी सांगतो, कारण तसंच बहुतेक जण करतात. रात्री जेवणं झाल्यावर पलंगाच्या पांढऱ्या चादरीवर पानं मांडली, वर ट्यूबलाइट, हातात फोन. स्कॅनिंगचं अ‍ॅप उघडलं की ते कागदाच्या कडा शोधून आपोआप फोटो काढतं, तसे सोळा फोटो दहा मिनिटांत उरकले. फिल्टर 'ब्लॅक अँड व्हाइट' ठेवला, कारण त्यात पान कसं लखलखीत दिसतं. मग फोनच्या स्क्रीनवर एकेक पान बघून "झकास" म्हटलं आणि काही पानं फोटो म्हणून, काही पीडीएफ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलून दिली.

यातली एकही गोष्ट धड नव्हती. ट्यूब डोक्यावर, फोन ट्यूब आणि कागदाच्या मध्ये, म्हणजे फोनची आणि माझ्या डोक्याची सावली पानाच्या मधोमध. चादर पांढरी आणि स्टँपपेपर पिवळट पांढरा, त्यामुळे अ‍ॅपला कडाच सापडत नव्हत्या. दोन पानांचे खालचे कोपरे त्याने कापून टाकले आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. फोटो म्हणून पाठवलेल्या पानांची लांब बाजू पोचेपर्यंत १६०० पिक्सेलवर आली होती. त्यातही पानाने पाऊण भागच व्यापलेला, म्हणजे चौदा इंची कागदाला बाराशे पिक्सेल. इंचाला शहाऐंशी पडले. शिक्क्यावरचं अक्षर जेमतेम दोन मिलिमीटर उंच असतं. शहाऐंशीच्या हिशेबाने त्याच्या वाट्याला सात पिक्सेल येतात आणि त्याच्या डोक्यावरच्या अनुस्वाराला दीड. इंग्रजी अक्षर सात पिक्सेलांत कसंबसं तगतं. मराठीत मात्र रफार, अनुस्वार, वेलांटी सगळं वरच्या दोन पिक्सेलांत कोंबलेलं असतं आणि आधी तेच जातं.

पुढच्या शनिवारी परत आत्याकडे गेलो. या वेळी फोनला हात लावण्याआधी कागद सपाट करायचे ठरवले होते.

हे मला फार उशिरा कळलं. अ‍ॅप वाकडं पान सरळ करतं हे खरं, पण ते फक्त चार कोपरे बघतं. चार कोपऱ्यांचा तिरका चौकोन ओढून त्याचा काटकोनी आयत करायचा, एवढंच त्याचं गणित. ते बरोबर येतं ते कागद काचेसारखा सपाट असेल तरच. कागद मध्ये फुगलेला असेल, घडीवर उंचावलेला असेल, तर कोपरे काटकोनात येतात आणि मधल्या ओळी लाटांसारख्या तशाच राहतात. वक्र पान ओळखून सरळ करणारी काही अ‍ॅप्स आहेत, पुस्तकाच्या पानाला ती बरी चालतात. पण उभ्याआडव्या दोन घड्या असलेल्या कागदाचा त्यांनी माझ्याकडे तरी विचकाच केला.

आत्या म्हणाली इस्त्री फिरवूया. मी नको म्हणालो. तीन पानांना कधीकाळी सेलोटेप लावलेला होता, तो तापला असता तर शाईसकट उठला असता. त्याऐवजी प्रत्येक पान उलगडून, घड्या उलट्या बाजूने बोटाच्या पोटाने हलकेच दाबून, मध्ये कोरे कागद घालून सगळं चळतीने पाटाखाली ठेवलं आणि पाटावर वरवंटा. रात्रभर. सकाळी घड्या गेल्या नव्हत्या, पण मिलिमीटरभर उंचीच्या राहिल्या होत्या, आणि तेवढ्याने खूप फरक पडतो.

मग उजेड. घरातल्या तीन जागा पाहिल्या. माजघरात दिवसाही दिवा लागतो. अंगणात ऊन, आणि उन्हात सावली इतकी कडक पडते की कागदावरच्या प्रत्येक सुरकुतीचा डोंगर होतो. ओसरी मात्र उत्तराभिमुख, वरून छप्पर, एका बाजूने पूर्ण उघडी. ऊन आत येत नाही, पण आभाळाचा भरपूर मऊ उजेड आडवा येतो. सकाळी दहाच्या सुमाराला तिथे काम सुरू केलं. ओसरीतला दिवा बंद केला. आभाळाचा निळसर उजेड आणि दिव्याचा पिवळट उजेड एकत्र आले की पानाची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी येते, आणि मग कुठलाही फिल्टर लावा, एक बाजू कळकटच राहते. शिवाय दिवा वीजपुरवठ्याच्या लयीत सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, पण स्वस्तातला एलईडी असेल तर फोटोत आडवे फिकट-गडद पट्टे उमटतात. पहिल्या रात्रीच्या दोन पानांवर ते होते आणि मी त्यांना कागदावरचे डाग समजलो होतो.

एका बाजूने उजेड आला की दुसरी बाजू काळवंडते. त्यावर उपाय आत्याच्या दोरीवर वाळत होता. तिच्या घरातला पांढरा पंचा खुर्चीच्या पाठीवर टाकून ती खुर्ची कागदाच्या आतल्या बाजूला, हातभर अंतरावर ठेवली. बाहेरचा उजेड पंच्यावर आपटून परत कागदावर येतो. नुसत्या डोळ्यांना फरक वाटत नाही, पण पेन्सिल कागदावर उभी धरून पाहा. पंचा नसताना सावली ठळक, पंचा ठेवल्यावर अगदी पुसट. उजेड कसा आहे हे बघायला याहून सोपी चाचणी मला माहीत नाही.

आता त्या घडीची गोष्ट, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. पहिलं पान ओसरीवर ठेवलं, आडवी घडी उजेडाला समांतर नव्हती, उजेडाच्या वाटेत आडवी होती. घडीच्या अलीकडे पांढरी रेघ, पलीकडे काळी रेघ, आणि त्या काळ्या रेघेत आपला नऊ. मी सहज कागद चौथाई फिरवला. घडीची रेघ आता ओसरीच्या उघड्या बाजूकडे तोंड करून होती, म्हणजे उजेड घडीच्या लांबीने वाहत होता. काळी रेघ नाहीशी झाली. बांधावर सूर्य आडव्या बाजूने आला की बांधाची सावली शेतात पडते, आणि सूर्य बांधाच्या टोकाकडून आला की पडत नाही, तसंच. नऊचं डोकं स्वच्छ दिसलं, शाईने काढलेला पूर्ण गोल.

अर्थात कागदाला घड्या दोन आहेत. एक उजेडाच्या दिशेने लावली की दुसरी आडवी येते. मी प्रत्येक पान आधी वाचून बघितलं की कुठल्या घडीवर महत्त्वाचं काही आहे, आणि ती घडी उजेडाच्या दिशेने ठेवली. पानं कधी उभी, कधी आडवी आली. ती नंतर फिरवता येतात. दोन पानांवर दोन्ही घड्यांवर मजकूर होता, त्यांचे दोन-दोन फोटो काढले आणि दोन्ही पीडीएफमध्ये लागोपाठ ठेवले. वकिलांना तसं लिहून कळवलं.

फोन हातात धरणं बंद केलं. दोन्ही बाजूंना धान्याचे डबे, त्यावर आडवी फळी, फळीच्या कडेबाहेर फोनचा कॅमेऱ्याकडचा भाग, आणि मागच्या टोकावर फोन पडू नये म्हणून बत्ता. कागद खाली जमिनीवर. माझी पहिली फळी कागदापासून ३० सेंटिमीटर उंचीवर होती, कारण तेवढ्यात चौदा इंची कागद साध्या भिंगात मावतो. पण तिथे दोन अडचणी आल्या. इतक्या जवळ फळी स्वतःच उजेड अडवते. आणि फोन जरा जरी कलला तरी फरक फार पडतो. हिशेब करून बघा. कागदाचं एक टोक मध्यापासून सुमारे १८ सेंटिमीटरवर. फोन ५ अंशांनी कलला तर एक टोक दीड सेंटिमीटर जवळ येतं आणि दुसरं दीड सेंटिमीटर लांब जातं. तीस सेंटिमीटरवरून हा फरक दहा टक्क्यांचा होतो, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीपेक्षा दहा टक्क्यांनी मोठी. साठ सेंटिमीटरवरून तेवढाच कल पाच टक्क्यांवर येतो. म्हणून फळी आणखी डबे रचून ६० वर नेली आणि फोनमध्ये २x लावलं.

इथे एक सावधगिरी. माझ्या फोनचा मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा आहे, त्यामुळे २x वर मधला तुकडा कापून घेतला तरी बारा मेगापिक्सेल हाती राहतात. जुना, एकूणच बारा-तेरा मेगापिक्सेलचा फोन असेल तर २x म्हणजे नुसती ताणलेली प्रतिमा. तशा फोनने झूम न करता फळी ४० सेंटिमीटरवर ठेवावी. कागदाभोवती मोकळी जागा जास्त येते, पण चौदा इंची पानालाही इंचाला १९० पिक्सेल मिळतात आणि तेवढ्यात वाचता येतं. माझी पानं कापल्यावर लांबीत साडेतीन हजार पिक्सेल भरली, म्हणजे इंचाला अडीचशे. शिक्क्यावरच्या दोन मिलिमीटरच्या अक्षराला वीस पिक्सेल, अनुस्वाराला चार. पहिल्या रात्रीच्या सात आणि दीडशी ताडून बघा.

फोन सपाट आहे का हे बघायला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू केली. काही फोनांत खाली तोंड केल्यावर दोन अधिकचिन्हं दिसतात, ती एकावर एक आली की फोन जमिनीशी समांतर. माझ्यात ती नव्हती, म्हणून ग्रिडच्या रेघेशी कागदाची डावी कड जुळवली आणि मग उजवी, वरची आणि खालची कडही जुळते का ते पाहिलं. चारही कडा एकाच वेळी रेघांना समांतर असतील तर फोन सरळ आहे. जुळत नसतील तर फळीखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायची. एकदा जमलं की सोळा बाजूंसाठी पुन्हा बघावं लागत नाही, फक्त कागद त्याच जागी ठेवत जायचं. जमिनीवर खडूने चार कोपरे आखून ठेवले होते. शटरवर बोट टेकलं की फळी थरथरते, म्हणून तीन सेकंदांचा टायमर.

कागदाखाली काय घालायचं हाही प्रश्न होता. पांढऱ्या चादरीचा अनुभव गाठीशी होता. आत्याने तिची जुनी काळी चंद्रकळा काढून दिली, नक्षी नाही, चकाकी नाही, सुती. कडा एकदम ठसठशीत दिसायला लागल्या. पण पहिले तीन फोटो पाहिले तर स्टँपपेपर पांढराफटक आणि त्यावरचा जांभळा शिक्का जवळजवळ गायब. कारण साधं आहे. कॅमेरा सगळ्या चित्राचा उजेड मोजतो. भोवती एवढा काळा पसारा दिसला की त्याला वाटतं अंधार आहे, मग तो उजेड वाढवतो आणि फिकट शाई धुऊन निघते. चंद्रकळा घडी घालून कागदाबाहेर बोटभरच काळं दिसेल एवढी ठेवली, कागदावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद केले आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढली. कागद किंचित करडा आला, पण शिक्का राहिला. करड्याचा पांढरा नंतर करता येतो. पांढऱ्यात विरघळलेला शिक्का कुठून आणणार?

चंद्रकळेचा खरा उपयोग झाला तो त्या पातळ कार्बन कॉपीला. तो कागद पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवला की मागच्या बाजूचा टाइप उलटा होऊन पुढच्या ओळींत घुसायचा. उजेड कागदातून आरपार जाऊन खालच्या पांढऱ्यावरून परत येतो आणि मागची अक्षरं घेऊन येतो. खाली काळं असलं की आरपार गेलेला उजेड तिथेच जिरतो. दोन्ही फोटो शेजारी ठेवून आत्याला दाखवले. ती म्हणाली, "मागचं भूत गेलं की रे."

सेलोटेप लावलेल्या तीन पानांचं मात्र जमेना. टेपवर आभाळाचा चकाकता पांढरा डाग पडायचा आणि त्याखालची तीन-चार अक्षरं जायची. शिवाय त्यातलं एक पान टेपमुळे आकसून टोकाशी उचललं जात होतं. ते दाबायला भिंतीवरच्या रिकाम्या तसबिरीची काच काढली. काच ठेवल्याबरोबर कागद सपाट झाला, आणि काचेत ओसरीचं छप्पर, फळी, फोन आणि वाकून बघणारा मी असे सगळे दिसू लागलो. काच म्हणा, चकाकणारा टेप म्हणा, लॅमिनेशन म्हणा, सगळ्यांचा नियम एकच. वर जे असेल ते त्यात दिसतं. मग वर काळं असलं पाहिजे. आत्याने काळी छत्री उघडून फळीच्या वर धरली, मी बाजूला झालो, आणि उजेड फक्त दोन्ही बाजूंनी, एकीकडे ओसरी आणि दुसरीकडे पंचा. प्रतिबिंब गेलं. टेपवरचा चकाकता डाग कागद थोडा फिरवल्यावर गेला. फोनच्या चंदेरी कडेची बारीक रेघ एका पानावर समासात राहिली, तिला हरकत नव्हती. ओसरीवर छत्री धरून उभी असलेली आत्या बघून शेजारच्या काकू विचारायला आल्या की काय विधी चाललाय.

दुपारपर्यंत अठरा फोटो झाले. मग फिल्टर, आणि इथे माझं थोडं परखड मत आहे. जुन्या दस्ताला 'ब्लॅक अँड व्हाइट' लावू नये. तो प्रत्येक ठिपक्याला विचारतो, तू काळा की पांढरा, मधलं काही चालणार नाही. काळ्या शाईला ते ठीक. पण फिकट जांभळा शिक्का, समासातली पेन्सिलची खूण, स्टँपपेपरचा छापील रंग, अंगठ्याचा ठसा यांतलं बरंच काही 'पांढरं' ठरतं आणि पुसलं जातं. पहिल्या फाइलमध्ये साक्षीदाराचा अंगठा म्हणजे नुसते चार काळे ठिपके होते. हल्ली अ‍ॅपमध्ये डाग आणि बोटं आपोआप पुसायची सोय असते. मी एका पानावर ती वापरून पाहिली, तिने चहाचा डाग काढलाच, पण त्याच्या शेजारचा अर्धा ठसाही काढला. तेव्हापासून मी रंगीत ठेवतो, फक्त उजेड थोडा वाढवतो. रंगाचा आणखी एक फायदा असतो. काळ्या मजकुरावर निळी सही किंवा जांभळा शिक्का पडलेला असला तरी दोन्ही वेगळे वाचता येतात.

अ‍ॅप कुठलं, हे लोक आधी विचारतात. आमच्याकडे अजूनही "कॅमस्कॅन करून पाठव" असंच म्हणतात, जरी २९ जून २०२० ला केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅप्समध्ये कॅमस्कॅनर होतं. मला अ‍ॅपचा फारसा फरक दिसला नाही. आयफोनच्या नोट्समध्ये आणि अँड्रॉइडवरच्या ड्राइव्हमध्ये स्कॅनर असतोच, कडा कापायला तो पुरे. जमिनीचे कागद कुठल्याशा फुकटच्या अ‍ॅपच्या सर्व्हरवर जाऊ नयेत एवढं मात्र बघावं. मी फोटो साध्या कॅमेऱ्याने काढले होते. कोपरे हाताने ओढून कापले, प्रत्येक पानाचे चारही कोपरे कागदाच्या टोकावर आहेत याची खात्री करून. घाईत हेच राहतं आणि शेवटच्या ओळीखालची तारीख कापली जाते.

पीडीएफ भाच्याच्या लॅपटॉपवर केली, img2pdf नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने, तीही एका ओळीत:

```
img2pdf --pagesize Legal *.jpg -o kharedikhat.pdf
```

यात फोटो पुन्हा दाबला जात नाही, जसाच्या तसा पानात बसतो. पहिल्यांदा चालवल्यावर पानांचा क्रम विचित्र आला, पहिल्यानंतर दहावं, मग अकरावं, आणि नंतर दुसरं. फाइलींना `1.jpg`, `2.jpg` अशी नावं होती आणि क्रम नावाने लागतो. `01.jpg`, `02.jpg` केल्यावर सरळ झाला. मागची बाजू लगेच पुढच्या बाजूनंतर, एकही न वगळता, कारण स्टँपपेपरच्या पाठीवर मुद्रांक विक्रेत्याची नोंद असते, कोणाला, कधी, कुठल्या क्रमांकाने विकला. वकिलांना ती हवी होती.

फाइल सव्वीस एमबीची झाली. मॅडमनी दहाच्या आत मागितली होती. लहान करायचे दोन मार्ग असतात, पिक्सेल कमी करायचे किंवा जेपीजीची गुणवत्ता उतरवायची. मी मुख्यतः दुसरा घेतला, पिक्सेल फक्त इंचाला दोनशेपर्यंत आणले आणि गुणवत्ता साठवर. नऊ एमबी झाली. दीडशेवर आणून पाहिलं तेव्हा फाइल आणखी लहान झाली, पण शिक्क्यातला 'दुय्यम निबंधक' वाचताना अंदाज करावा लागत होता. म्हणजे दोनशे ही माझ्यापुरती सीमा.

तपासणी फोनवर न करता लॅपटॉपवर केली, शंभर टक्क्यांवर. फोनच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच तुकतुकीत दिसतं, माझी पहिली फसगत तिथेच झाली होती. प्रत्येक पानाच्या चार कोपऱ्यांतलं एकेक अक्षर आणि सगळे आकडे वाचले. आकड्यांत १ आणि ९, ४ आणि ५ या जोड्या मुद्दाम, कारण अस्पष्ट झाल्यावर त्याच एकमेकींची सोंगं घेतात. खालच्या कोपऱ्यातली अक्षरं वरच्यापेक्षा मऊ दिसली तर समजायचं फोन कललेला होता किंवा कागद तिथे उचललेला होता. एक पान तसं निघालं, सहाव्याची मागची बाजू. ते परत काढलं.

फाइल ईमेलने पाठवली. संध्याकाळी मॅडमचा फोन, "हां, आता एकोणीस. आणि विक्रेत्याची नोंदही लागली. पण दुसऱ्या पानावर समासात पेन्सिलने काहीतरी लिहिलंय, ते काय आहे?"

मला ते मूळ कागदावर दिसलंच नव्हतं. लॅपटॉपवर मोठं करून आत्याला दाखवलं. तिने चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाली, "हे अण्णांचं अक्षर. विहिरीचा अर्धा हिस्सा, असं लिहिलंय बघ." मी ते मॅडमना सांगण्यात गुंतलो होतो. फोन ठेवून वळलो तर आत्याने सातही पानं एकावर एक ठेवून, जुन्याच खुणांवरून, आधी उभी आणि मग आडवी, त्यांची चार पदरी घडी घातली होती आणि लाल बासनाची गाठ मारत होती.